तमिळमधला पाहुणा ‘ष’

तमिळची स्वतःची व्यंजनं फक्त १८. त्यांत ज, ष, स, ह, क्ष नाहीत. संस्कृत लिहिण्यासाठी तमिळ देशात ग्रंथ नावाची वेगळी लिपी होती. तिथून ही अक्षरं आणि ‘श्री’ तमिळमध्ये आली. ती वापरावीत की नाही, हा वाद मात्र जुना आहे. तोल्काप्पियम या प्राचीन व्याकरणानुसार उत्तरेकडचा शब्द घ्यायचा, पण त्याची अक्षरं सोडून द्यायची. पुढे नन्नूल या व्याकरणानं कोणत्या अक्षराच्या जागी काय येईल तेही ठरवून दिलं.

‘ष’चंच बघा. शब्दाच्या मध्ये ‘ष’ आला की त्याचा ‘ट’ होतो. तमिळमध्ये ट आणि ड यांना एकच अक्षर. दोन स्वरांच्या मध्ये ते ‘ड’ वाचलं जातं. म्हणून विषयचं झालं विडयम, आणि कंबनाच्या रामायणातला विभीषण झाला वीडणन. ‘स’च्या जागी ‘त’ येतो, तेव्हा मासचा मादम होतो. हरनचा ‘ह’ गळून अरन उरतो. मादम आज इतका घरचा झालाय, की तो मूळ रूपात लिहिणं उलट विचित्र दिसेल. असं रूप रुळलेलं असेल तिथे ग्रंथाक्षर टाळावं, हे बरोबरच आहे. विडयम श्रीलंकेच्या तमिळमध्ये सर्रास दिसतं. तमिळनाडूत बोलताना ‘विषयम’च जास्त ऐकू येतं.

अडचण येते ती नियम आंधळेपणानं लावला की. कष्टमचं ‘कट्टम’ करता येतं, पण कट्टम म्हणजे चौकोन, रकाना, टप्पासुद्धा. वाचणारा अडखळतो. अशा वेळी अक्षर बदलण्यापेक्षा शब्दच बदललेला बरा: ‘तुन्बम’ हा अस्सल तमिळ शब्द हाताशी आहेच. शुद्ध तमिळच्या चळवळीचे अध्वर्यू मरैमलै अडिगळ यांनी १९१६च्या सुमारास स्वतःच्या बाबतीत हेच केलं. मूळच्या ‘वेदाचलम’मधल्या वेदाचं ‘मरै’ केलं आणि अचलाचं ‘मलै’, म्हणजे डोंगर.

पण दुसऱ्याच्या नावाचं असं भाषांतर करता येत नाही. पेरियार यांनी गणेशन या नटाला ‘शिवाजी’ म्हटलं, ते त्यानं रंगवलेल्या छत्रपतींमुळे. तमिळमध्ये या नावातला ‘शि’ तमिळच्याच ‘च’नं लिहितात, आरंभी तो स-श सारखा वाचला जातो, म्हणून भागतं. ‘जी’ला मात्र ग्रंथाक्षर लागतं. तिथेही ‘च’ घातला, तर दोन स्वरांमधला ‘च’ ‘स’ वाचला जाऊन ‘सिवासी’ होईल. काही कट्टर मंडळी तसं लिहितातही. माझं मत विचाराल, तर माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसंच लिहावं. अक्षर गाळायची हौस सामान्य नामांवर भागवावी.