परदेशातील मराठी वाचकांसाठी विषय कसे शोधावेत

परदेशातील मराठी वाचक म्हटले की अमेरिकेत नोकरी करणारे आणि गावाच्या आठवणीने व्याकूळ होणारे कुटुंब डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून तेथे गेले आणि आज त्यांच्या घरात बहुधा क्रिओल बोलली जाते. इस्रायलमधील बेने इस्रायली मराठी बोलत कोकणातून आणि मुंबईतून गेले, पण त्यांचा धर्म ज्यू आहे. आखातात काम करणाऱ्याला तेथील नागरिकत्व सहसा मिळतच नाही. म्हणून विषय ठरवताना वाचक कोणत्या देशात राहतो, कितव्या पिढीतला आहे आणि कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे आधी पाहावे लागते. ज्या प्रश्नाचे उत्तर यामुळे बदलते, तेथे लेखाचा विषय सापडतो.

सणांबाबत असा प्रश्न तारखेचा असतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. तो क्षण साऱ्या जगात एकच असला, तरी घड्याळातील वेळ वेगळी असते. गणेश चतुर्थीसाठी माध्यान्हाला चतुर्थी असलेला दिवस धरतात. माध्यान्ह म्हणजे दिवसमानाच्या पाच भागांपैकी मधला भाग. २०२३ साली मुंबईत १८ सप्टेंबरला चतुर्थी लागली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे माध्यान्हाचा निम्मा भाग उलटला होता. दुसऱ्या दिवशी मात्र जवळजवळ पूर्ण माध्यान्ह चतुर्थीतच होते, म्हणून महाराष्ट्रात गणपती १९ तारखेला बसले. न्यूयॉर्कमध्ये हीच तिथी १८ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास लागली आणि १९ तारखेच्या पहाटे संपली. त्यामुळे तेथे प्रतिष्ठापनेचा दिवस १८ सप्टेंबर ठरला. महाराष्ट्रातील दिनदर्शिका पाहून पूजा करणाऱ्याला हा फरक कळत नाही. तो उदाहरणासह समजावणे हा उपयोगी लेख होतो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, म्हणून सुटी कशी मिळवावी हा लेख तेथे निरर्थक ठरतो.

पदार्थांचा विषय साहित्यातून निघतो. उकडीचे मोदक परदेशात बिघडतात ते अनेकदा पिठामुळे. पूर्व आशियाई दुकानांत तांदळाचे पीठ दोन प्रकारचे मिळते. एक साध्या तांदळाचे आणि दुसरे चिकट तांदळाचे. दुसऱ्या पिठाची उकड रबरासारखी ताणली जाते, हाताला चिकटते आणि कळ्या उभ्या राहत नाहीत. पाकिटावरील घटक वाचले की फरक ओळखता येतो. गोठवलेल्या खोबऱ्याला वितळताना पाणी सुटते. ते निथळून काढले नाही किंवा परतताना आटवले नाही, तर सारण सैल राहून मोदक फुटतो. मात्र मोदक हा सर्व मराठी घरांचा पदार्थ नव्हे. बेने इस्रायली घरांत एलियाहू हन्नवीच्या स्मरणार्थ भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करतात. त्यांच्यासाठी विषय पोह्यांचा होतो.

कागदपत्रांत नागरिकत्वाचा फरक सर्वांत महत्त्वाचा असतो. समजा, वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे आणि एक वारस ब्रिटनमध्ये आहे. त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपलेले असते. ओसीआय कार्ड मिळाले तरी त्याला मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन विकतही घेता येत नाही. भारतात राहणाऱ्या वडिलांकडून वारसाने मात्र ती मिळू शकते. ‘परदेशी गेलेल्याचा हक्क गेला’ ही गावातली समजूत येथेच खोटी ठरते. स्वतः येणे जमत नसेल, तर तो भावाला मुखत्यारपत्र देतो. ते परदेशात केले असेल, तर तेथील अधिकृत यंत्रणेकडून अपोस्टिल करून घ्यावे लागते किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे लागते. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत चुकली की काम अडते. पुढे तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफाराची नोंद होते आणि हितसंबंधितांना हरकतीसाठी नोटीस निघते. आखातातील भारतीय नागरिकाला ओसीआयचा प्रश्नच येत नाही, मुखत्यारपत्राचा मात्र येतो. म्हणून ‘परदेशातून वारस नोंद’ हा एक लेख न करता भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक असे त्याचे दोन भाग करावेत.

असे विषय मिळवण्यासाठी महाराष्ट्र मंडळांत पूजेची तयारी करणारे, भारतीय किराणा दुकानदार, वकिलातीत अर्ज घेऊन जाणारे आणि गावाकडे जमिनीचे काम पाहणारे नातेवाईक यांना मागच्या वेळी नेमके काय अडले ते विचारावे. अडचण सांगताना माणूस देश, तारीख, पाकीट किंवा कागद यांची नावे घेतो. ती नावे लेखात जशीच्या तशी आली, की वाचकाला सल्ला आपल्याला लागू आहे की नाही हे ताबडतोब ठरवता येते.