रोखून ठेवलेल्या पैशाची किंमत

ठोक रकमेच्या बांधकाम कंत्राटात ठरलेल्या कामाचे परिमाण वाढले तरी रक्कम वाढत नाही आणि पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. प्रत्येक बिलातून काही टक्के रिटेन्शन म्हणून कापले जातात. पुष्कळ करारांत त्यातील निम्मी रक्कम काम पूर्ण झाल्यावर आणि उरलेली दोषदायित्व कालावधी संपल्यावर सुटते.

समजा, शाळेच्या इमारतीची निविदा 1 कोटीची, कंत्राटदाराचा खर्च 92 लाख आणि कपात 5 टक्के आहे. नफा 8 लाखांचा दिसतो, पण त्यातले 5 लाख मालकाकडे अडकतात. जोत्यापर्यंतच्या टप्प्याला 15 लाख ठरले असतील, तर हातात 14 लाख 25 हजारच येतात. खाली काळी माती निघून पाया खोल न्यावा लागला आणि खर्च 18 लाखांवर गेला, तर फरक कंत्राटदाराच्या खिशातून जातो. म्हणून दर भरण्याआधी चाचणीखड्डे घेऊन माती पाहणे अत्यावश्यक आहे.

कापलेल्या 5 लाखांपैकी निम्मे, म्हणजे अडीच लाख, काम संपल्यावरही वर्षभर अडकले, तर 12 टक्क्यांनी 30 हजार व्याज होते. ते निविदेच्या रकमेतच धरावे लागते.

खरी अडचण पूर्णत्वाच्या दाखल्याची असते. वर्ग भरू लागतात, दाखला मात्र किरकोळ दुरुस्त्यांसाठी थांबतो आणि दोषदायित्वाची मुदत सुरूच होत नाही. ‘दाखला किंवा प्रत्यक्ष वापर, जे आधी घडेल ते’ असे कलम निविदापूर्व बैठकीतच मागावे; सही झाल्यावर ते क्वचितच मिळते.