लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होणार नाही

आजी सिटीस्कॅनच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबल्या त्या थांबल्याच. बहात्तर वर्षांचं वय. पोटाचा स्कॅन, तोही शिरेतून औषध देऊन करायचा होता. शेजारणीने सांगितलं होतं, की बोगद्यात घालतात, ठोके पडतात, मंगळसूत्रसुद्धा काढायला लावतात. यातलं बरंचसं एमआरआयचं वर्णन होतं. लोक ही दोन यंत्रं नेहमी एक समजतात.

ही गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातल्या पायऱ्या रोजच्या आहेत.

रेडिओग्राफर मुलगी आजींना "घाबरू नका" म्हणाली नाही. तिने त्यांना यंत्राच्या मागच्या बाजूला नेलं. "बघा आजी, पलीकडचं दिसतंय ना?" ट्रॅक्टरचं चाक उभं करून ठेवावं तसं ते कडं. मधली फट साधारण सत्तर सेंटिमीटर. "पाय आधी आत जातील. तोंड या उघड्या बाजूलाच राहील. एमआरआयसारखा धडधडाट नाही, नुसती घरघर."

मग मंगळसूत्राचं. पोटाच्या फोटोत धातू आला की त्याच्याभोवती पांढरे पट्टे उमटतात आणि त्यांच्याखाली काय आहे ते झाकलं जातं. मंगळसूत्र मात्र गळ्याजवळ सरकवलं तरी भागतं, आणि हात डोक्यावर घ्यायचे असल्याने बांगड्याही वाटेत येत नाहीत. काढायचा होता तो कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि लुगड्याच्या पिना. आजींनी जुडगा बाहेर बसलेल्या यजमानांच्या हातात स्वतः नेऊन दिला.

रक्ताचा रिपोर्ट मुलीने आधीच पाहिला होता. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. पूर्वी अशा औषधाने पुरळ उठलं होतं का, दमा आहे का, मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, हेही विचारून झालं. कोपराच्या शिरेत सुई बसली. मुलीने आधी थोडं सलाईन ढकलून शीर फुगत नाही ना, ते पाहिलं.

आणि मग ती आजींच्या शेजारी स्टूल ओढून बसली. माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा ही दोन मिनिटं.

"आजी, औषध गेलं की आधी घशात ऊब येईल. तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव येईल. मग ऊब खाली उतरेल आणि वाटेल, लघवी झाली. होत नाही. तसं वाटतंच फक्त. अर्ध्या-एक मिनिटात जातं."

"आन् झालीच तर?"

"झाली तर चादर बदलीन. तुम्ही हलू नका, एवढंच."

आयोडीनयुक्त औषधाने रक्तवाहिन्या जराशा पसरतात, त्याची ती ऊब. माहीत नसलेली बाई नेमकी त्याच क्षणी लाजेने मांड्या आवळते, उठायला बघते, आणि चित्र फिसकटतं. औषध तर तोवर शरीरात गेलेलं असतं. परत स्कॅन करायचा म्हणजे परत किरण, आणि कधी परत औषधही.

श्वासाचंही तसंच. श्वासाबरोबर यकृत खाली-वर होतं, आणि बारीकशी गाठ त्या हालचालीत पुसली जाऊ शकते. यंत्रातला रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत बोलत होता. मुलीने तो बंद ठेवला. "मीच सांगीन. श्वास घ्या... धरा... सोडा." तीनदा सराव केला. पहिल्या वेळी आजींनी श्वास धरला आणि मान हलवून "व्हय" म्हटलं. तिसऱ्या वेळी दहा सेकंद जमले.

"आन् तुमी समदी बाहेर का पळता?"

"या किरणांचं तुमचं काम आज एकदाच आहे. मी दिवसभर इथेच असते, रोज. म्हणून काचेआड जाते. तिथून तुम्ही दिसता, तुमचा आवाज येतो. सुईपाशी दुखलं, फुगलं, अंगाला खाज सुटली, दम लागला, तर लगेच ओरडा. मी थांबवते."

हे सांगणं केवळ धीरासाठी नव्हतं. औषध शिरेबाहेर गेलं तर ते सगळ्यात आधी रुग्णालाच कळतं.

पंपाने ऐंशी मिलिलिटर औषध अर्ध्या मिनिटात गेलं. काचेआडून मुलगी आजींच्या पायांकडे बघत होती. पायाची बोटं आवळली, आणि सुटली. सत्तराव्या सेकंदाला तिने श्वास धरायला सांगितलं. पलंग सरकला. काही सेकंदांत स्कॅन संपला.

सुई मात्र लगेच काढली नाही. त्रास व्हायचाच तर बहुधा पहिल्या वीस मिनिटांत होतो, म्हणून आजींना तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी प्यायला दिलं. आजींनी हळूच लुगड्याला मागून हात लावून पाहिला. कोरडं होतं. मग यजमानांकडून जुडगा मागून घेतला आणि किल्ल्या एकेक करून मोजल्या.