विहीर वाचायला शिकवणाऱ्या बाई

आपल्या भूशास्त्र विभागात बाईंचं आज शेवटचं व्याख्यान. विषय त्यांनीच निवडला आहे : बेसॉल्टमधलं पाणी. मी त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून तेच शिकवते. त्यांच्या पदव्या पत्रिकेत छापल्या आहेत. मी दोन विहिरींबद्दल बोलणार आहे, कारण बाईंचं शिकवणं तिथे नीट कळतं.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. या खडकात पाण्याला जागा फार थोडी. वरचा मुरूम, भेगा, दोन थरांमधले सांधे, एवढीच. बाई आम्हाला मे महिन्यात विहिरीच्या काठावर उभं करायच्या आणि वरून खाली भिंत वहीत उतरवायला लावायच्या. माती किती, मुरूम किती, काळा पाषाण कुठे लागला, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या कुठे, तांबडा मातकट थर कुठे. भिंतीवर जिथे नेचे उगवले असतील तिथे पाझर. पुष्कळदा तो तांबड्या थराच्या लगेच वर असतो, कारण ती चिकट माती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही.

एका उतारावर शेजारी शेजारी दोन विहिरी होत्या. वरचीत पाणी जमिनीपासून ४ मीटरवर, खालचीत १३ मीटरवर. खालची जमीन वरच्यापेक्षा फक्त २ मीटर खोल. म्हणजे पाण्याच्या पातळीत ११ मीटरचा फरक, आणि अंतर हाकेचं! खालचे शेतकरी वरच्यांनी पाणी अडवलं म्हणत होते. बाईंनी आधी टेप सोडायला लावली, मग दोन्ही शेतांमधून चालायला लावलं. मध्ये काळ्या धोंड्यांची सरळ रेघ निघाली. ती डाइक होती : जुन्या थरांना चिरत वर आलेल्या शिलारसाची उभी भिंत. तिच्या घट्ट खडकाने उतारावरून येणारं पाणी वरच्या अंगाला थोपवलं होतं. खालच्या बाजूला विहीर आणखी खोदून उपयोग नव्हता.

पण डाइक दिसली की पाणी अडणारच, असं बाईंनी कधी शिकवलं नाही. काही डाइक इतक्या फुटलेल्या असतात की पाणी त्यांच्यातूनच वाहतं. दोन्ही अंगांची पातळी मोजल्याशिवाय ते ठरत नाही, आणि एकदाच मोजूनही भागत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच विहिरी दर वर्षी मोजायच्या, हा त्यांचा नेम. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम या नोंदींत आहे, शोधनिबंधांपेक्षाही. त्या वह्या आता विभागाच्या कपाटात आहेत आणि यंदाचं मोजमाप दुसऱ्या वर्षाची मुलं करणार आहेत.

त्या दोन विहिरींचा छेद बाई आज फळ्यावर काढणार आहेत. पुढच्या रांगेतल्यांनी वह्या उघडाव्यात. बाई, या.