दोष कीबोर्डचा की ॲपचा?

ॲपमधल्या अर्जात ‘ज्ञानेश्वर’ लिहायला घ्यावं, तर अक्षरं उशिरा उमटतात, कर्सर मागे उडी मारतो आणि पत्त्याचा रकाना कीबोर्डखाली गडप होतो. वैतागून आपण इंग्रजीत नाव लिहून मोकळे होतो. त्याआधी एक करून पाहा. तेच नाव, त्याच कीबोर्डने, फोनवरच्या साध्या मेसेजमध्ये लिहा. तिथेही अडखळलं, तर कीबोर्डकडे किंवा फोनच्या भरलेल्या मेमरीकडे बघावं लागेल. तिथे सुरळीत उमटलं, तर दोष बहुतेक ॲपचाच.

असं का होतं? रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना आपण `dnyaneshwar` टाइप करतो, तेव्हा स्पेस दाबेपर्यंत किंवा सुचवलेला शब्द निवडेपर्यंत तो शब्द कच्चाच असतो. बहुतेक वेळा त्याच्याखाली रेघही दिसते. शब्द पक्का करताना कीबोर्ड तो अख्खा बदलतो. इथे ॲपने थांबायला हवं. पण काही ॲप दर अक्षराला रकान्यातला मजकूर उचलतात, तपासतात, आणि ‘साफ’ करून परत भरतात. त्या भरण्यात कच्चा शब्द तुटतो. मग अक्षरं दोनदा उमटतात, कर्सर भलतीकडे जातो. हीच तपासणी पडदा रंगवण्याच्या कामाआड आली, की अक्षरं रेंगाळतात.

कधी कीबोर्ड अडकल्यासारखा वाटतो, पण अडवलेलं असतं मर्यादेने. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं. काना, मात्रा आणि हलन्त धरून संगणक ते 10 मोजतो. नावाला 8 ची मर्यादा ठेवली, तर ते ‘ज्ञानेश्’वरच थांबतं.

रकाना झाकला जातो त्यालाही ॲपच जबाबदार. कीबोर्ड किती उंच आहे हे अँड्रॉइड ॲपला कळवतं. तेवढी जागा सोडून रकाना वर सरकवणं ॲपचं काम. अँड्रॉइड 15 साठी बनवलेल्या ॲपचा पडदा काठापासून काठापर्यंत पसरतो, त्यामुळे ही जागा ॲपने स्वतः सांभाळावी लागते. त्यात काही देवनागरी कीबोर्डांवर मात्रांची किंवा सुचवलेल्या शब्दांची जादा ओळ असते. ज्यांनी फक्त इंग्रजी कीबोर्ड लावून ॲप तपासलं, त्यांच्या हिशेबात ही ओळ नसतेच. मला ही हयगय अक्षम्य वाटते, कारण मराठी कीबोर्ड लावून पाहायला पाच मिनिटं पुरतात.

तोवर सोय म्हणून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये उंची कमी करा, किंवा मजकूर नोट्समध्ये लिहून रकान्यात पेस्ट करा. पण तक्रार जरूर करा, आणि ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. कीबोर्डचं नाव, त्याची मांडणी, फोनचं मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि नेमका कोणता शब्द लिहिताना अडलं, हे कळवा. सोबत पडद्याचं छोटं रेकॉर्डिंग जोडा.