पाण्याखालचा स्लॅब

११ जून २०२२ रोजी नेरुळमधील एका निवासी इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यावर कोसळला आणि त्याच्याबरोबर खालचे स्लॅबही एकामागून एक खाली आले. त्यानंतर नवी मुंबईतील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या सभांत एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली : ‘आमच्या इमारतीतही पाणी भरून पाहा.’ मागणी समजण्यासारखी आहे. परंतु पाणी भरले आणि स्लॅब पडला नाही, म्हणजे तो उत्तीर्ण झाला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती मात्र चुकीची आहे. स्लॅब न पडणे ही या परीक्षेची केवळ पहिली अट होय. निर्णय होतो तो स्लॅबखाली बसविलेल्या एका लहानशा घड्याळासारख्या उपकरणाच्या काट्यावर, आणि तोही पाणी भरलेले असताना नव्हे, तर बहुधा ते काढून घेतल्यानंतर.

ही परीक्षा मुख्यतः नव्या बांधकामासाठी आहे. काँक्रीट ओतताना त्याचे जे ठोकळे भरून ठेवतात ते प्रयोगशाळेत कमी भाराला फुटले, काँक्रीटमधून कापून काढलेल्या गाभ्यांनीही शंका फिटली नाही, किंवा सळ्या कमी पडल्याचा संशय आला, की प्रश्न उभा राहतो : हा स्लॅब ठेवायचा की तोडायचा? अशा वेळी भारतीय मानक ४५६ प्रत्यक्ष भार देऊन पाहण्याची मुभा देते. काँक्रीट घातल्यापासून २८ दिवस उलटल्यावर शक्य तितक्या लवकर ही परीक्षा घ्यावी, असे त्यात म्हटले आहे.

नियम असा. स्लॅबचे स्वतःचे पूर्ण वजन तर त्यावर असतेच. त्याखेरीज ज्या वापरासाठी तो बांधला त्या वापराच्या भाराच्या सव्वापट भार त्यावर ठेवायचा आणि तो २४ तास राहू द्यायचा. घराच्या खोलीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, शाळेच्या वर्गासाठी सुमारे ३००. एक सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला १० किलो. त्यामुळे वर्गाच्या स्लॅबवर सुमारे ३८ सेंटिमीटर पाणी उभे करावे लागते. चार मीटर बाय सहा मीटरच्या वर्गात हे पाणी नऊ हजार लिटरहून अधिक भरते. त्या एका खोलीत दीडशे माणसे दाटीवाटीने उभी केल्यासारखेच ते आहे.

पाणीच का, असे कोणी विचारील. विटा किंवा वाळूची पोती वापरता येतात आणि वापरलीही जातात. पण विटांचा सलग ढीग रचला, तर स्लॅब खाली वाकू लागताच विटा एकमेकींना अडकतात, ढिगात कमान तयार होते आणि मधला भार आपोआप कडेच्या तुळयांकडे सरकतो. स्लॅबच्या मध्यावर, जिथे भार हवा, तिथे तो कमी पडतो आणि वाचन खोटे दिसते. म्हणून विटांचे सुटे सुटे मनोरे, मध्ये फट ठेवून, उभे करावे लागतात. पाण्याला कमान करता येत नाही. ते स्लॅब जसा वाकेल तसे वाकते आणि मध्यावर किंचित अधिकच साचते. त्याची अडचण वेगळी : वीटबांधातून, प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या सांध्यातून ते झिरपते. रात्रभरात पातळी चार बोटे उतरली, तर सकाळी जी परीक्षा चालू असते ती ठरवलेली परीक्षा नसते. म्हणून पातळी मोजण्याची पट्टी उभी करून तिच्यावर माणूस नेमावा लागतो. स्लॅबला उतार असेल तर एका जागची खोली पाहून भागत नाही. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी लागते.

आता स्लॅबखाली जाऊ. खालच्या मजल्यावर, वरच्या स्लॅबला कोठेही न टेकणारा भक्कम आधार उभा करून त्यावर डायल गेज बसवतात. त्याची टोकदार दांडी स्लॅबच्या तळाला टेकलेली असते आणि काटा मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवतो. एक गेज मध्यावर, बाकीची मध्य आणि आधार यांच्या दरम्यान. शेजारी माणसांच्या रक्षणासाठी टेकू उभे असतात. ते स्लॅबला चिकटवून ठेवायचे नसतात. स्लॅबला मोकळेपणाने वाकता येईल इतकी फट राखून ते उभे करायचे, म्हणजे स्लॅब खरोखरच कोसळला तर टेकू त्याला झेलतील. या फटीकडे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. टेकू घट्ट बसलेले असले तर भार टेकू उचलतात आणि परीक्षेचा निकाल उत्तम लागतो! अर्थात हा प्रकार ओळखता येतो. भार सारख्या टप्प्यांनी वाढत असताना काटाही साधारण त्याच गतीने पुढे जातो, किंवा काँक्रीटला बारीक भेगा पडू लागल्या की जरा जलद. पहिल्या टप्प्याला चांगला वळलेला काटा पुढच्या टप्प्यांना जवळजवळ थबकला, तर स्लॅब बळकट असल्याचा आनंद मानण्याआधी टेकूंच्या डोक्याखाली पातळ पत्रा सरकवून पाहावा.

उदाहरणासाठी एका नव्या शाळेचा १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घेऊ. आधारांमधील अंतर ४ मीटर. लादी अजून बसलेली नाही. स्लॅबच्या पूर्ण वजनात लादी आणि तिच्याखालचा थरही मोडत असल्याने त्याबद्दल प्रथम १० सेंटिमीटर पाणी भरले. ही पायरी गाळून भार हलका करण्याची सवय सर्रास दिसते. हे पाणी भरल्यावर काटा शून्यावर आणला, कारण मोजायचा आहे तो केवळ वापराच्या भाराने येणारा वाक. मग चार टप्प्यांत ३८ सेंटिमीटर पाणी चढवले. मध्यावरचे वाचन झाले १.०, मग २.१, मग ३.४ आणि शेवटी ४.९ मिलिमीटर. एक दिवस तसेच ठेवल्यावर ते ५.६ झाले. भार वाढलेला नसतानाही ही जी वाढ झाली ती काँक्रीटच्या सावकाश दबण्याची आणि भेगा थोड्या पुढे सरकण्याची.

येथे मानक एक सवलत देते. आधारांमधील मीटरमधल्या अंतराचा वर्ग करून त्याला ४० ने गुणायचे आणि स्लॅबच्या मिलिमीटरमधल्या जाडीने भागायचे. आपल्या स्लॅबसाठी १६ गुणिले ४० भागिले १५० म्हणजे सुमारे ४.३ मिलिमीटर. चोवीस तासांतला वाक याहून कमी असता, तर पुढे काहीच मोजावे लागले नसते. इतका कमी वाकणारा स्लॅब ताठ आहे हे तिथेच सिद्ध झाले असते. चांगल्या काँक्रीटचा, फारशा भेगा न पडलेला असाच स्लॅब दोन मिलिमीटरच्या आसपास थांबतो. आपला ५.६ वर गेला. म्हणून तो नापास झाला असे नव्हे, पण आता त्याने परत फिरून दाखवले पाहिजे.

वापराच्या भाराचे पाणी सोडून दिले, लादीच्या बदल्यातले राखले. काटा लगेच २.२ वर आला आणि चोवीस तासांनी १.७ वर. म्हणजे ५.६ पैकी ३.९ मिलिमीटर वाक परत आला. हे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. मानकाला किमान ७५ टक्के हवेत.

स्लॅब वाकतो यात दोष नाही, तो वाकलेलाच राहतो यात आहे. सळई तिच्या मर्यादेत ताणली गेली तर भार निघताच आखडते आणि भेगा मिटवून घेते. ती मर्यादा ओलांडून ताणली गेली किंवा काँक्रीटमधून सरकली, तर तेवढे वाकणे कायमचे राहते. परंतु पहिल्या भारात काही निरुपद्रवी गोष्टीही परत येत नाहीत : आधार किंचित बसतात, नव्या भेगांच्या कडांचे कण अडकून त्या पूर्ण मिटत नाहीत. म्हणून ७५ टक्के न भरल्यास मानक लगेच स्लॅब तोडायला सांगत नाही. ७२ तास जाऊ देऊन परीक्षा पुन्हा घेण्याची संधी देते. पण या वेळी अट ८० टक्क्यांची. पहिल्या वेळी जे सैल होते ते आता बसलेले आहे, तेव्हा दुसऱ्यांदा सबब चालणार नाही, हा त्यामागचा विचार आहे.

आपल्या स्लॅबचा काटा पुन्हा शून्यावर आणून भार दिला. या वेळी वाक ५.० आला आणि भार काढल्यावर एका दिवसाने ०.८ शिल्लक राहिला. परतीचे प्रमाण ८४ टक्के. स्लॅब स्वीकारावा. शिल्लक १.२ राहिला असता, तर प्रमाण ७६ होते. पहिल्या परीक्षेत हेच ७६ चालले असते, दुसरीत मात्र त्यावर स्लॅब नाकारावा लागतो.

दशांश मिलिमीटरवर इतके अवलंबून असताना हवेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. गच्चीचा स्लॅब दुपारच्या उन्हात वरून तापतो आणि मध्ये वर उचलला जातो. पहाटे थंड झाला की खाली येतो. पहिले वाचन सकाळी आणि शेवटचे भर दुपारी घेतले, तर परत आलेल्या वाकात उन्हाचाही वाटा मिसळतो आणि नापास स्लॅब पास होऊ शकतो. म्हणून वाचने एकाच वेळेला, शक्यतो सूर्योदयापूर्वी घ्यावीत, आणि शेजारच्या भार नसलेल्या स्लॅबखाली एक गेज केवळ हवामानासाठी ठेवावे.

आता गृहनिर्माण संस्थांच्या मागणीकडे परत येऊ. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे महानगरपालिका अधिनियमाने बंधनकारक केले आहे, आणि वाशी-नेरुळच्या अनेक इमारतींनी ती वयोमर्यादा ओलांडली आहे. तेथे खाडीच्या खाऱ्या हवेने सळया गंजत असतात. गंज फुगतो आणि खालचे काँक्रीट पोपड्यांसारखे सुटते. अशा स्लॅबवर पाणी भरून तो आज वाकला किती आणि परतला किती एवढे कळेल. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सळई आणखी किती खाल्ली जाईल, हे डायल गेजला विचारून उपयोग नाही. शिवाय वाक मोजणारी परीक्षा वाकून मोडणाऱ्या भागासाठी आहे. तुळईच्या टोकाशी तिरकी भेग पडून होणारी मोड वाकाची पूर्वसूचना जवळजवळ देत नाही, आणि तसा संशय असलेल्या जागी सव्वापट भार चढवणे हे खाली उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाशी खेळणे होय. जुन्या घरात प्रथम हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा शोधाव्यात, सुटलेले काँक्रीट काढून सळईची उरलेली जाडी मोजावी, गाभे कापून घ्यावेत. त्यानंतरही शंका उरली तरच पाण्याचा विचार.

आणि पाणी भरलेच, तर संस्थेच्या चिटणीसाने ‘भारपरीक्षा समाधानकारक’ या एका ओळीच्या दाखल्यावर सही घेऊन थांबू नये. मूळ वाचनांचा कागद मागावा. त्यावर प्रत्येक टप्प्याची पाण्याची पातळी, वाचनाची वेळ, प्रत्येक गेजचा आकडा, टेकूंची फट आणि पाणी काढल्यानंतरचे चोवीस तासांचे वाचन असले पाहिजे. शेवटचा रकाना रिकामा असेल आणि सवलतीच्या मर्यादेचे गणितही कोठे केलेले नसेल, तर परीक्षा अर्ध्यावरच सोडलेली आहे असे समजावे.