चाचणीचा हीटमॅप: कोणता प्रश्न वेगळा, कोणता विद्यार्थी वेगळा

चाचणी झाली की आपल्या हातात साधारण दोन गोष्टी येतात. प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण, आणि फार तर प्रत्येक प्रश्न किती जणांना आला त्याचा आकडा. पहिली यादी पालकांना दाखवायची, दुसरी फाइलला लावायची, की झालं. पण या दोन्ही बेरजा आहेत, आणि बेरीज केली की आतलं चित्र पुसलं जातं. कोणाला नेमका कोणता प्रश्न आला, हे बेरजेतून कळत नाही. आज आपण ते आतलं चित्र कसं काढायचं आणि कसं वाचायचं, ते बघणार आहोत.

कल्पना जुनीच आहे. लुई गटमन या समाजशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात अशी मांडणी प्रश्नावल्यांसाठी केली होती. पुढे जपानमध्ये १९७०च्या दशकात ताकाहिरो सातो यांनी ती वर्गातल्या चाचण्यांसाठी आणली. तिला एस-पी तक्ता म्हणतात, म्हणजे विद्यार्थी आणि प्रश्न यांचा तक्ता. आपण ज्याला हीटमॅप म्हणतो तो याच तक्त्याला रंग भरून होतो. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, साधी स्प्रेडशीट पुरते.

एका शीटमध्ये, तिला `answers` म्हणू या, मुलांनी निवडलेले पर्याय जसेच्या तसे भरायचे. आडव्या ओळीत विद्यार्थी, उभ्या रकान्यात प्रश्न, आणि दुसऱ्या ओळीत उत्तरसूची. बरोबर-चूक आपण स्वतः ठरवून भरायचं नाही, ते सूत्रावर सोडायचं. दुसऱ्या शीटच्या `B3` मध्ये हे लिहा आणि सगळीकडे ओढून घ्या:

```
=IF(answers!B3="","",IF(answers!B3=answers!B$2,1,0))
```

बरोबर असेल तिथे १, चुकलं तिथे ०, आणि सोडलेला प्रश्न रिकामा. हा रिकामा महत्त्वाचा. चुकणं वेगळं आणि वेळ न पुरणं वेगळं, दोघांना एकच रंग दिला तर पेपर लांब होता की अवघड होता हेच कळणार नाही. मग ओळीची बेरीज, रकान्याची बेरीज, आणि `Conditional formatting` मधून १ ला गडद, ० ला फिका रंग. लाल-हिरवा घेऊ नका. काहींना तो फरक दिसत नाही, आणि झेरॉक्समध्ये तर कोणालाच दिसत नाही.

एवढं केल्यावर बहुतेक जण थांबतात, आणि समोर दिसतं ते रंगीत गोधडीसारखं काहीतरी. त्यातून काही कळत नाही, कारण ओळी हजेरी क्रमांकाने लागलेल्या आहेत आणि प्रश्न पेपरमधल्या क्रमाने. खरं काम पुढे आहे. जास्त गुणांची मुलं वर घ्यायची, आणि जास्त जणांना आलेले प्रश्न डावीकडे. दोन्ही दिशांनी क्रम लावायचा, एका दिशेने लावून भागत नाही. एक सांभाळा: सूत्रं असलेल्या तक्त्यावर थेट `Sort` चालवू नका, दुसऱ्या शीटचे संदर्भ हलतात आणि आकडे एकाचे दुसऱ्याला जातात. आधी तक्ता कॉपी करून नव्या शीटमध्ये `Paste special` मधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा आणि तिथे क्रम लावा. रकाने आडवे लावायला एक्सेलमध्ये `Sort left to right` आहे. गूगल शीट्समध्ये `TRANSPOSE` करून लावायचं आणि पुन्हा उलटवायचं.

आता एक उदाहरण घेऊ. समजावण्यासाठी मुद्दाम लहान रचलेलं आहे: सहावीची गणिताची चाचणी, आठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, दहा विद्यार्थी. क्रम लावल्यावर तक्ता असा दिसतो. गडद चौकोन म्हणजे बरोबर.

```
हजेरी   प्र१ प्र३ प्र२ प्र५ प्र४ प्र७ प्र६ प्र८   एकूण
 ४      ■  ■  ■  ■  ■  □  ■  ■    ७
 ९      ■  ■  ■  ■  ■  □  ■  □    ६
 २      ■  ■  ■  ■  ■  □  □  ■    ६
 ७      ■  ■  ■  ■  □  □  ■  □    ५
 १      ■  ■  ■  ■  ■  □  □  □    ५
 ६      ■  □  □  ■  ■  □  ■  □    ४
१०      ■  ■  ■  □  □  ■  □  □    ४
 ३      ■  ■  ■  □  □  ■  □  □    ४
 ८      ■  ■  □  □  □  ■  □  □    ३
 ५      ■  □  □  □  □  ■  □  □    २
एकूण   १०  ८  ७  ६  ५  ४  ४  २
```

सगळं अगदी अपेक्षेप्रमाणे असतं तर गडद भाग वरून खाली पायऱ्या उतरावा तसा दिसला असता. सोपे प्रश्न जवळपास सगळ्यांना, अवघड प्रश्न फक्त वरच्यांना. खऱ्या वर्गात पायऱ्या थोड्या मोडलेल्या असतातच, त्यात काही नाही. आपण शोधायचं ते पायऱ्यांच्या आत पडलेलं भोक आणि पायऱ्यांच्या बाहेर पडलेला डाग.

प्रश्न ६ आणि प्रश्न ७ बघा. दोन्ही चार-चार जणांना आले. टक्केवारीत दोन्ही चाळीस, म्हणजे फाइलला लावलेल्या यादीत हे जुळे भाऊ. पण रकाने बघा. सहावा प्रश्न आलेल्यांत तीन जण वरच्या चारांतले आहेत, हा साधा अवघड प्रश्न झाला. सातवा प्रश्न मात्र वरच्या सहा जणांपैकी एकालाही आला नाही आणि खालच्या चौघांना झाडून आला. इतकं उलटं चित्र नशिबाने सहसा पडत नाही. अशा वेळी मुलांकडे नंतर, आधी प्रश्नाकडे जायचं.

प्रश्न होता: १२ − ४ × २ = किती? उत्तरसूचीत १६ चा पर्याय नोंदवलेला. आता आपलं कंचेभागुबेव आठवा. आधी गुणाकार, मग वजाबाकी, उत्तर ४. वरच्या सहाही जणांनी ४ निवडलं होतं. खालच्या चौघांनी डावीकडून उजवीकडे जात आधी १२ तून ४ वजा केले, मग दोनाने गुणलं, म्हणून १६. सूची चुकली होती, आणि जे नियम शिकले त्यांचेच गुण कापले गेले होते.

सूची आपण एकाच ओळीत ठेवली आहे, त्यामुळे तिथलं एक घर बदललं की सगळा तक्ता आपोआप बदलतो. (व्हॅल्यूज चिकटवलेली शीट मात्र नव्याने करावी लागते.) आता नवे गुण वरून खाली असे: ८, ७, ७, ६, ६, ५, ३, ३, २, १. समजा शाळेचा नियम असा, की निम्म्याहून कमी गुण असतील त्यांना शनिवारचा जादा वर्ग. जुन्या सूचीने त्या वर्गात फक्त ८ आणि ५ क्रमांकाची मुलं गेली असती. नव्या सूचीने १० आणि ३ क्रमांकाचीही जातात. चुकीच्या सूचीमुळे दोन मुलांची अडचण झाकली गेली होती, नेमकी ज्यांना मदत हवी त्यांची.

रकान्यांचं झालं, आता ओळींकडे. यासाठी सातो यांची एक सोपी युक्ती आहे. ज्या मुलाला जितके गुण, तितकी घरं डावीकडून मोजायची आणि तिथे उभी रेघ मारायची. रेघेच्या डावीकडे चुका आणि उजवीकडे बरोबर उत्तरं किती, ते बघायचं. दुरुस्त सूचीनंतर सातवा प्रश्न सहा जणांना आला, म्हणून तो पाचव्याच्या शेजारी, चौथ्याच्या आधी सरकतो. हजेरी ६ ला आता पाच गुण. त्याच्या पहिल्या पाच घरांत दोन भोकं आहेत, प्रश्न ३ आणि २, आणि रेघेपलीकडे दोन बरोबर, प्रश्न ४ आणि ६. बाकी नऊ जणांत एखादंच घर इकडचं तिकडे आहे, तेही दोघांचंच. म्हणजे वर्गात वेगळा दिसतो तो हा एकटा.

तो का वेगळा, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी चुकलेले प्रश्न वाचावे लागतात. इथे दोन्ही दशांश अपूर्णांकांचे निघाले. दोन्ही चुका एकाच घटकातल्या असतील तर त्या घटकाच्या वेळी मूल गैरहजर होतं का, नुकतंच दुसऱ्या शाळेतून आलं आहे का, हे हजेरीपटावरून तपासता येतं. चुका विखुरलेल्या असत्या तर घाई किंवा पेपरची एक बाजू न वाचणं, असं काहीतरी शोधलं असतं. अवघड प्रश्न बरोबर आले म्हणून कॉपीचा संशय घेणं सगळ्यात सोपं, आणि तो सगळ्यात शेवटी घ्यावा.

याच ओघात एक सापळा. १० आणि ३ क्रमांकाच्या ओळी तंतोतंत सारख्या आहेत. कोणी म्हणेल, बघा, एकमेकांचं पाहून लिहिलं. पण दोघंही पायरीप्रमाणेच चालले आहेत, आणि सारख्या तयारीच्या मुलांच्या ओळी सारख्या येणारच. बरोबर उत्तरं जुळणं हा पुरावाच नाही. बघायचं असेल तर `answers` मध्ये परत जाऊन चुकीचे पर्यायही तेच आहेत का ते बघा, त्यातही वर्गात इतर कोणी सहसा न निवडलेले. रंगतक्त्यात सगळ्या चुका एकाच रंगाच्या असल्याने ते तिथे दिसत नाही.

किती विश्वास ठेवायचा? चार पर्याय असतील तर काहीच न येणाऱ्यालाही चारांत एकदा बरोबर लागतं, त्यामुळे एकट्या डागाच्या मागे धावू नका. पूर्ण रकाना उलटा असेल किंवा एका घटकातली घरं एकत्र रिकामी असतील, तरच हात घाला. प्रश्न १ सगळ्यांना आला, तो मुलामुलांतला फरक काहीच दाखवत नाही, पण तो घटक सगळ्यांना कळला एवढं सांगतो. वर्णनात्मक प्रश्नांत घरात गुण न लिहिता गुण भागिले कमाल गुण लिहा, नाही तर पाच गुणांचा प्रश्न उगाच गडद दिसेल. आणि पेपरच्याच क्रमातली एक प्रत बाजूला ठेवा. रिकामी घरं सगळी शेवटच्या रकान्यांत गोळा झाली असतील, तर अडचण गणिताची नसून घड्याळाची आहे, हे त्याच प्रतीत कळतं.

हजेरी ६ ला आता आठपैकी पाच आहेत, म्हणून शनिवारच्या वर्गाच्या यादीत त्याचं नाव येणार नाही. त्याला अख्खा वर्ग नकोच आहे, दशांशाच्या दोन तासिका हव्या आहेत. त्यानंतर दशांशाचेच चार-पाच प्रश्न द्या आणि ते रकाने शेजारी-शेजारी ठेवून त्याची ओळ पुन्हा बघा.